दीडच्या आत पोहोचायचे, तर वेग किती?

शाळेच्या पुस्तकातले प्रवासाचे गणित सगळ्यांच्या परिचयाचे असते. एक गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जाते, तर १५० किलोमीटर जायला तिला किती तास लागतील? भागाकार केला की उत्तर येते, ३ तास. उत्तर एकच असते आणि त्यात वाद नसतो.

घरातून प्रवासाला निघताना मात्र प्रश्न नेमका उलटा असतो. दार अमुक वाजता बंद होणार, गाडी तमुक वाजता सुटणार, मुहूर्त इतक्या वाजता लागणार. मग आपण कमीत कमी किती वेगाने जायला हवे? याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. ‘इतका किंवा याहून जास्त’ असे ते द्यावे लागते. गणितात या ‘किंवा याहून जास्त’साठी ≥ अशी खूण आहे आणि असे विधान लिहिले की त्याला असमानता म्हणतात. नाव अवघड असले तरी गोष्ट रोजचीच आहे. एका कुटुंबाच्या प्रवासाचे उदाहरण घेऊन ती पाहू.

दाराची वेळ आणि गाडीची वेळ

कुटुंब अमरावतीचे आहे. आई, बाबा, बारावी झालेली मुलगी आणि दहावीतला मुलगा. मुलीची वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा आहे आणि केंद्र मिळाले आहे नागपूरला. २०२५ साली या परीक्षेचा पेपर दुपारी २ वाजता सुरू झाला आणि केंद्राचे दार १.३० वाजता बंद होणार होते. तीच वेळ इथे धरू. दीडनंतर आलेल्याला आत घेत नाहीत, मग तो एक मिनिट उशिरा येवो की एक तास. वर्षभराचा अभ्यास त्या एका मिनिटावर येऊन थांबतो.

खरे तर आदल्या दिवशीच नागपूर गाठायचे ठरले होते. पण आजीला बरे नव्हते, म्हणून परीक्षेच्याच सकाळी साडेनऊला निघायचे ठरले. अंतर साधारण १५० किलोमीटर.

बाबांनी तोंडी हिशोब केला. “साडेनऊ ते दीड म्हणजे चार तास. दीडशे भागिले चार म्हणजे साडेसदतीस. अगं, ताशी चाळीसनेसुद्धा आरामात पोहोचू!”

आईने कॅलेंडरचे जुने पान उलटे केले आणि पेन घेतले. “अहो, चार तास दारापर्यंतचे आहेत, रस्त्याचे नाहीत,” ती म्हणाली. “रस्त्यासाठी किती वेळ उरतो, ते आधी बघू.”

मग तिने एकेक वजाबाकी मांडली. दार दीडला बंद होणार असले तरी गाडी लावणे, गर्दीतून दार शोधणे आणि रांगेत उभे राहणे यासाठी अर्धा तास हातचा ठेवायला हवा. म्हणजे केंद्रापाशी १ वाजता पोहोचायचे. साडेनऊ ते एक म्हणजे २१० मिनिटे. नागपूरच्या वेशीपासून केंद्रापर्यंतचे शेवटचे १० किलोमीटर शहरातले. तिथे सिग्नल आणि गर्दी यांमुळे ताशी २० पेक्षा जास्त वेग धरता येणार नाही, म्हणून ३० मिनिटे त्यात गेली. वाटेत चहा आणि पाय मोकळे करायला २० मिनिटे. २१० मधून ५० वजा केली की उरली १६० मिनिटे. या १६० मिनिटांत महामार्गावरचे १४० किलोमीटर संपवायचे आहेत.

वेग ‘व’ मानला, तर महामार्गावर लागणारा वेळ १४० ÷ व इतके तास. तो १६० मिनिटांपेक्षा, म्हणजेच १६०/६० तासांपेक्षा जास्त असता कामा नये. आईने लिहिले:

१४० ÷ व ≤ १६०/६०

म्हणून

व ≥ १४० × ६० ÷ १६०

व ≥ ५२.५

बाबांचे उत्तर साडेसदतीस होते, आईचे आले साडेबावन्न. अंतर तेच, दारही तेच. फरक पडला तो चाके न फिरणाऱ्या मिनिटांमुळे. अशा गणितात चूक भागाकारात क्वचितच होते. ती होते भागाकाराच्या आधी, ‘वेळ’ म्हणून आपण कोणता आकडा घेतला तिथे.

चिन्ह उलटले कसे?

धाकट्याने पानात डोकावून विचारले, “आई, वरच्या ओळीत लहान-किंवा-समान आहे आणि खालच्या ओळीत मोठे-किंवा-समान. मध्येच चिन्ह का उलटले?”

प्रश्न रास्त आहे. पहिली ओळ वेळेबद्दल बोलते, दुसरी वेगाबद्दल. ठरलेले अंतर कमी वेळात संपवायचे तर वेग वाढायला हवा. वेळ ‘जास्तीत जास्त इतका’ असेल, तर वेग ‘कमीत कमी इतका’ असणार. एक खाली आला की दुसरा वर जातो, म्हणून चिन्ह उलटते. गणिताच्या भाषेत सांगायचे तर दोन्ही बाजू शून्यापेक्षा मोठ्या असताना त्यांचे व्यस्त घेतले, म्हणजे प्रत्येक बाजूने १ ला भागले, की असमानतेची दिशा बदलते. ‘शून्यापेक्षा मोठ्या’ ही अट इथे महत्त्वाची आहे. तिचे काम पुढे दिसेल.

आणखी एक बारकावा. ५२.५ ला पूर्णांकात आणायचे झाले तर ५२ घ्यायचे की ५३? एरवी कोणताही आकडा घेतला तरी चालले असते. इथे ५२ चालणार नाही. ताशी ५२ ने १४० किलोमीटर जायला सुमारे १६१ मिनिटे ३२ सेकंद लागतात, म्हणजे दीड मिनिट जास्त. कमीत कमी वेगाचे उत्तर नेहमी वरच्याच आकड्याकडे न्यायचे. म्हणून आईने पानावर मोठ्या अक्षरांत ५३ लिहिले.

हा ५३ म्हणजे गाडीच्या काट्यावर दिसणारा वेग नव्हे. तो सरासरी वेग आहे, म्हणजे १४० किलोमीटरला लागलेल्या एकूण वेळाने भागून येणारा. काटा ८० वर असताना मध्येच गाव येते, ट्रकच्या मागे रखडावे लागते, टोलनाक्यावर थांबावे लागते, आणि सरासरी खाली येते. बाबांनी स्वतःसाठी नियम घातला होता की मोकळ्या रस्त्यावरही काटा ८० च्या वर न्यायचा नाही, आणि पाटीवर कमी लिहिले असेल तिथे पाटीचे ऐकायचे. असे चालवले की त्या रस्त्यावर त्यांची सरासरी ६५ च्या आसपास पडते, हा त्यांचा नेहमीचा अनुभव. म्हणजे ‘हवा’ तो वेग ५३ आणि ‘जमतो’ तो ६५. हवा तो जमणाऱ्यापेक्षा कमी आहे, तोवर चिंता नाही.

अर्ध्या वाटेवर

साडेनऊला गाडी निघाली. पण तिवसा येण्याआधीच रस्त्याचे काम सुरू असल्याने एकच बाजू खुली होती आणि पुढे एक ट्रक आडवा झालेला. कारंजा घाडगे हे गाव साधारण अर्ध्या वाटेवर येते. हिशोबाच्या सोयीसाठी तिथवर महामार्गाचे बरोबर ७० किलोमीटर झाले असे धरू. तिथे पोहोचले तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. १०५ मिनिटांत ७० किलोमीटर, म्हणजे सरासरी ताशी ४० फक्त.

धाकट्याने लगेच उपाय सांगितला. “बाबा, आपल्याला साडेबावन्नची सरासरी हवी होती ना? पहिल्या अर्ध्यात ४० पडली. दुसऱ्या अर्ध्यात ६५ ने चला. चाळीस अधिक पासष्ट, भागिले दोन, बरोबर साडेबावन्न!”

ऐकायला अगदी बरोबर वाटते आणि बाबांना ६५ जमण्यासारखेही होते. आईने मात्र मिनिटे मोजली. ७० किलोमीटर ताशी ६५ ने जायला सुमारे ६५ मिनिटे. आधीची १०५ आणि ही ६५ मिळून १७०. परवानगी होती १६० ची. दहा मिनिटे जास्त झाली!

मग धाकट्याच्या बेरजेत चुकले काय? त्याने दोन वेगांना सारखे वजन दिले. पण ४० चा वेग १०५ मिनिटे टिकला आणि ६५ चा टिकणार फक्त ६५ मिनिटे. संथ चालीत माणूस जास्त वेळ अडकतो, म्हणून सरासरीवर तिचे वजन जास्त पडते. सरासरी वेग काढताना वेगांची बेरीज करून दोनाने भागायचे नसते. एकूण अंतराला एकूण वेळाने भागायचे असते. तसे केले तर धाकट्याच्या उपायाची सरासरी साडेएकोणपन्नासच्या आसपास येते, साडेबावन्न नाही.

योग्य रीत म्हणजे झालेला प्रवास विसरायचा आणि उरलेल्यासाठी नवी असमानता मांडायची. १६० पैकी १०५ मिनिटे गेली, उरली ५५. अंतर उरले ७०.

व ≥ ७० × ६० ÷ ५५

व ≥ ७६.४ (सुमारे)

‘हवा’ तो वेग आता ७६.४ झाला आणि ‘जमतो’ तो अजूनही ६५. मागच्या सीटवर मुलगी गप्प झाली. बाबांचा हात गिअरकडे गेला.

चहाची किंमत

“थांबा,” आई म्हणाली. “वेगाला हात लावण्याआधी मिनिटांकडे बघू.”

या असमानतेत बदलता येण्याजोग्या दोन जागा आहेत. एक डावीकडचा वेग आणि दुसरी उजवीकडचा वेळ. घाई झाली की आपले लक्ष फक्त डावीकडे जाते. पण या कुटुंबाच्या हिशोबात चहाची २० मिनिटे अजून खर्च व्हायची होती. ती पूर्ण सोडून दिली तर ५५ ची ७५ मिनिटे होतात, आणि मग

व ≥ ७० × ६० ÷ ७५

व ≥ ५६

७६.४ वरून थेट ५६! चहाच्या एका थांब्याची किंमत ताशी वीस किलोमीटरहून जास्त निघाली. पावणेदोन तास रखडत गाडी चालवणाऱ्या माणसाला अजिबात न थांबवणे बरे नव्हे, म्हणून आईने मधला मार्ग काढला. पाच मिनिटे थांबायचे, तोंडावर पाणी मारायचे, चहा थर्मासमधला प्यायचा. मग उरतात ७० मिनिटे आणि ७० किलोमीटर. व ≥ ६०. बाबांच्या ६५ च्या आत बसणारा आकडा.

आता हेच २० मिनिटांचे काम वेगाकडून करून घ्यायचे म्हटले तर काय पडते, तेही पाहण्यासारखे आहे. पूर्ण १४० किलोमीटरला ताशी ५० ने १६८ मिनिटे लागतात, ६० ने १४०. दहाने वेग वाढवला आणि २८ मिनिटे वाचली. पण ८० वरून ९० केल्यास १०५ मिनिटांची सुमारे ९३ होतात, फक्त १२ मिनिटे वाचतात. ९० वरून १०० केल्यास जेमतेम ९. वेग जितका चढता, तितकी पुढच्या दहाची कमाई उतरती. धोका मात्र चढतच जातो. म्हणून वाचवायचा वेळ आधी थांब्यांत शोधावा, आणि त्याच्याही आधी घरातून निघण्याच्या वेळेत. हेच कुटुंब साडेनऊऐवजी सव्वानऊला निघाले असते, तर महामार्गासाठी १६० ऐवजी १७५ मिनिटे मिळाली असती आणि कमीत कमी वेग साडेबावन्नवरून ४८ वर आला असता.

उत्तरच नसते तेव्हा

कारंज्याला सव्वाअकराऐवजी बारा वाजून दहा मिनिटे झाली असती तर? निघाल्यापासून १६० मिनिटे झाली, म्हणजे महामार्गासाठी ठेवलेला सगळा वेळ अर्ध्याच वाटेत संपला. लक्षात घ्या, त्या वेळी सरासरी पडली असती सव्वासव्वीस, म्हणजे हव्या असलेल्या साडेबावन्नच्या बरोबर निम्मी. हा नियम सगळीकडे लागू पडतो. निम्मे अंतर निम्म्या वेगाने गेले, की ठरलेला पूर्ण वेळ संपलेला असतो आणि पुढे विमानाने गेले तरी ती सरासरी हाती येत नाही. अशा वेळी चहा सोडला तर २० मिनिटे मिळतात, पण २० मिनिटांत ७० किलोमीटर म्हणजे ताशी २१०. दारापाशी ठेवलेला हातचा अर्धा तासही त्यात घातला तर ५० मिनिटे आणि ताशी ८४. तेही ६५ च्या बाहेरच.

आणि पावणेएक वाजले असते तर? चहा सोडूनही महामार्गासाठी १८० मिनिटेच होती आणि गेली असती १९५. उरलेला वेळ येतो उणे १५ मिनिटे. इथे सवयीने तीच ओळ लिहिणाऱ्याची फसगत होते. ७० × ६० ÷ (-१५) म्हणजे उणे २८०, आणि ‘व ≥ -२८०’ असे लिहिले की कोणताही वेग चालेल असा अर्थ निघतो! बैलगाडीसुद्धा वेळेत पोहोचेल! ‘दोन्ही बाजू शून्यापेक्षा मोठ्या’ ही अट वर सांगितली होती, ती इथे मोडली. म्हणून भागाकार करण्याआधी उरलेला वेळ शून्यापेक्षा जास्त आहे ना, हे बघायचे. नसेल तर गणित तिथेच थांबते. त्या वेळेत पोहोचवणारा कोणताही वेग नाही, असे त्याचे सरळ उत्तर असते.

घड्याळातली खूण

चालत्या गाडीत भागाकार करत बसणे कुणालाच जमत नाही, आणि चालवणाऱ्याने तर करूच नये. त्यासाठी आईने परतताना एक सोपी युक्ती काढली. ती आधीच लक्षात आली असती तर सकाळची धाकधूक टळली असती, असे तिला वाटले. वेगाची असमानता उलटी करून घड्याळाची करायची.

पाच मिनिटांचा थांबा धरला तर महामार्गासाठी १७५ मिनिटे आहेत. कारंज्यापुढच्या ७० किलोमीटरला ताशी ६५ ने सुमारे ६५ मिनिटे लागतात. १७५ मधून ६५ गेली की उरली ११०. म्हणून साडेनऊला निघाल्यावर कारंजा ११ वाजून २० मिनिटांच्या आत आले पाहिजे. बस, एवढेच पानावर लिहून ठेवायचे. अकरा-वीसच्या आत गाव आले तर निर्धास्त चालवायचे. नाही आले, तर वेग वाढवून उपयोग नाही. मग हातच्या अर्ध्या तासातला किती मोडायचा, हे तिथेच ठरवायचे.

त्या सकाळी गाडी कारंज्याला सव्वाअकराला आली होती, म्हणजे खुणेच्या पाच मिनिटे आधी. पाच मिनिटे थांबून ती ११.२० ला निघाली. बाबांनी काटा ८० च्या आत ठेवला, सरासरी ६० ची पडली आणि साडेबाराला नागपूरची वेस आली. शहरातल्या अर्ध्या तासानंतर एक वाजता मुलगी केंद्रापाशी उतरली. दारासमोरची रांग बरीच लांब होती. हातचा ठेवलेला अर्धा तास तिथे कामी आला.

तुमच्यासाठी

आता एक गणित वाचकांनी सोडवावे. घरापासून स्टेशन ६ किलोमीटर. गाडी ७.१० ला सुटते. सायकल ठेवून फलाटावर जायला ५ मिनिटे लागतात. आजोबा ६.४० ला सायकलवरून निघाले. पहिले २ किलोमीटर चढ असल्याने तिथे ताशी ८ चाच वेग पडला. उरलेल्या वाटेवर कमीत कमी किती वेग हवा? आणि हा वेग आजोबांना झेपणारा नसेल, ताशी १५ च झेपत असेल, तर त्यांनी किती मिनिटे लवकर निघायला हवे होते?

उत्तर: ३० मिनिटांतून फलाटाची ५ आणि चढाची १५ गेली की उरतात १०. त्यांत ४ किलोमीटर, म्हणून व ≥ २४. ताशी १५ ने ४ किलोमीटरला १६ मिनिटे लागतात, म्हणून कमीत कमी ६ मिनिटे लवकर, म्हणजे ६.३४ ला किंवा त्याआधी.